शिलाई मशीन विकू नकोस, चॅनेल मात्र काढ

"ताई, मी पाटण तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते. शिलाई करते, महिन्याला सहा-सात हजार सुटतात. आमच्या सासूबाई चुलीवरचं असलं भारी करतात की पाहुणे रेसिपी लिहून नेतात. धाकटे भाऊजी म्हणतात वहिनी यूट्यूबवर चॅनेल काढू, त्यांच्या ओळखीत कुणाला तरी चार महिन्यांत पैसे चालू झाले. साठ हजारांचा फोन हप्त्यावर घ्यायचा आणि वेळ मिळावा म्हणून शिलाई बंद करून मशीन विकायचं असं चाललंय. पैसे सावकाश येतात हे मला माहितीय, पण सावकाश म्हणजे नक्की किती सावकाश? – एक वाचक, जि. सातारा"

अगं, प्रश्न एकदम बरोबर विचारलास, कारण "सावकाश" म्हटलं की आपल्या डोक्यात सहा-आठ महिने येतात आणि सगळं गणित तिथंच फसतं. इथं वाट दोनदा बघावी लागते. एक वाट जाहिराती चालू होईपर्यंतची आणि दुसरी वाट त्या जाहिरातींचे पैसे खरोखर बँकेत पडेपर्यंतची. पहिलीबद्दल सगळे बोलतात, दुसरीबद्दल कुणी सांगत नाही, आणि लोक वैतागून चॅनेल सोडतात ते बऱ्याचदा त्या दुसऱ्या वाटेतच.

पहिली वाट बघू. जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या 12 महिन्यांत लोकांनी तुझे व्हिडिओ मिळून 4000 तास बघितलेले असावे लागतात. (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज, पण त्याचा विचार तू आत्ता करूच नकोस.) 500 सबस्क्रायबर आणि 3000 तासांचा एक अलीकडचा टप्पा पण आहे, तिथं लाइव्हला कुणी पैसे दिले, कुणी महिन्याची मेंबरशिप घेतली तर मिळतात, जाहिरातीचे नाही, आणि नवीन चॅनेलला गावाकडच्या स्वयंपाकासाठी मेंबरशिप कोण घेणार, त्यामुळं तो टप्पा आला काय नि गेला काय.

आता 4000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. तुझा व्हिडिओ समज आठ मिनिटांचा आहे, माणूस सरासरी तीन मिनिटं बघून पुढं जातो. म्हणजे 80 हजार व्ह्यूज पाहिजेत एका वर्षात. आठवड्याला एक व्हिडिओ टाकलास तर वर्षाचे 52 होतात, आणि नवीन चॅनेलला एका व्हिडिओला सरासरी 500 व्ह्यूज धरले, जे सुरुवातीला काही वाईट नाहीत, तर झाले 26 हजार व्ह्यूज, गुणिले तीन मिनिटं, म्हणजे 1300 तास. निम्मे सुद्धा नाही. आणि ते 12 महिने पुढं पुढं सरकत राहतात बरं का, म्हणजे मागच्या वर्षी मार्चमध्ये मिळालेले तास या वर्षी मार्च गेला की हिशोबातून गळून पडतात. सबस्क्रायबर राहतात, तास राहत नाहीत. म्हणून काही जण दोन-दोन वर्षं 2000-2500 तासांच्या आसपासच घुटमळत असतात आणि त्यांना वाटतं यूट्यूब आपले तास खातंय.

मग तुझ्या दिराच्या ओळखीतल्याला चार महिन्यांत कसं जमलं? खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही. हे गणित सरासरीनं चालतच नाही, एखाद-दुसरा व्हिडिओ चालतो आणि बाकीच्या पन्नासचं मिळून जेवढं होत नाही तेवढं तो एकटा करतो. आता वर्षातून एकच व्हिडिओ 30 हजार लोकांनी चार-चार मिनिटं बघितला असं धर, त्याचे झाले 2000 तास. आधीचे 1300 मिळवले की 3300. अजून 700 कमी, पण आता अंतर दिसायला लागलं. तेव्हा रोज काहीतरी टाकत बसण्यापेक्षा असे दोन-चार व्हिडिओ वर्षात नीट जमवणं हे तुझं काम.

आणि तो कुठला असेल ते मी सांगू का, तर पोहे-उपीट तर नक्कीच नाही. कांदेपोह्यांचे हजारो व्हिडिओ आधीच आहेत, तिथं तुझा कोण शोधणार. पण कुरडया घे. सासूबाई करतच असतील उन्हाळ्यात. कुरडई ही अशी गोष्ट आहे की शहरातल्या मुलीला करायची असते, आईला फोन लावला तर आई म्हणते "अंदाजानं गं", आणि मग ती यूट्यूबवर शोधते. आणि करताना चार ठिकाणी बिघडते, म्हणून माणूस व्हिडिओ थांबवून, मागं नेऊन, परत बघतो. तेच तास.

पण मग तसा काढ. किलोभर गहू, तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, ते बदललं नाही तर वास कसा येतो ते सासूबाईंना त्यांच्या भाषेत सांगू दे. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं. मग शिजवणं, आणि खरा घोटाळा इथं होतो. ज्या पातेल्यानं चीक मोजला त्याच पातेल्यानं पाणी, मीठ-हिंग घालून उकळलं की चीक बारीक धारेनं सोडायचा आणि हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी. शिजला की नाही ते कसं ओळखायचं? पांढरटपणा जाऊन चकाकी येते, आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा चुरा होतो. हा बोट लावायचा क्षण, कॅमेरा अगदी जवळ नेऊन, पाच-सात सेकंद हलू न देता घे. लोक खरे यासाठीच आलेत. नंतर सोऱ्यातून गरम असतानाच घालणं, आणि दोन दिवसांनी तळणं.

व्हिडिओची सुरुवात मात्र तळण्यानं कर. तेलात टाकली, फुलली, दहा सेकंद, बास, आणि लगेच गहू. "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर आपलं सहर्ष स्वागत आहे, व्हिडिओ आवडला तर लाइक करा शेअर करा बेलचं बटण दाबा" हे पाऊण मिनिटाचं कीर्तन कृपा करून लावू नकोस. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख दिसतो, किती लोक कुठपर्यंत टिकले त्याचा. तो बघायला शीक, व्ह्यूजचा आकडा दिवसातून दहादा बघण्यापेक्षा आठवड्यातून एकदा हा आलेख बघ. रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटात धपकन खाली आली तर सुरुवात लांबलीय. मध्येच रेघ उंच उठली तर तिथं लोक मागं जाऊन परत बघतायत, बहुतेक वेळा प्रमाण नीट कळलेलं नसतं. मग पुढच्या व्हिडिओत ते प्रमाण स्क्रीनवर लिहून टाक. सासूबाई "मूठभर" म्हणाल्या तर म्हणू देत, त्यांना सुधारू नकोस, फक्त खाली लिही की ती मूठ म्हणजे किती वाट्या.

टाकायचा कधी, तर लोक करायला बसतात त्याच्या दोन-तीन आठवडे आधी. कुरडई-पापड होळीच्या आधी, उकडीचे मोदक श्रावण निम्मा झाला की, फराळाचं नवरात्रात. दिवाळीच्या आदल्या दिवशी चकली टाकलीस तर ती पुढच्या दिवाळीच्या कामाची. पण पुढच्या दिवाळीला ती कामाला येते हेही खरं, रेसिपीचा हा एक फायदा आहे, व्हिडिओ जुना झाला तरी सण आला की परत वर येतो. गावच्या रोजच्या जीवनाचे व्हिडिओ (शेण-सारवण, भांगलण, जत्रा) लोक आवडीनं बघतात पण शोधून कुणी येत नाही, कारण "भांगलण" असं यूट्यूबवर कोण टाइप करतंय. म्हणून मी म्हणेन की शोधून येणारे रेसिपीवर येऊ देत, आणि आले की त्यांना घर-शेत दिसू दे, वेगळं चॅनेल नको.

शॉर्ट्सचं एक सांगते. दिराला त्याची भुरळ पडणार, कारण एखादा शॉर्ट पटकन लाखभर लोकांपर्यंत जातो आणि सबस्क्रायबर धडाधड वाढतात. पण शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या 4000 तासांत धरत नाहीत. म्हणजे 5000 सबस्क्रायबर आणि 300 तास अशी अवस्था होते, आणि ते 5000 लोक बारा मिनिटांचा कुरडईचा व्हिडिओ उघडतही नाहीत. बोट लावायच्या त्या क्षणाचा एक शॉर्ट कर आणि त्याला मोठा व्हिडिओ जोड, एवढ्यापुरतं ठीक. आणि व्हॉट्सॲपवर "तू माझं सबस्क्राइब कर मी तुझं करतो" असले ग्रुप असतात, किंवा कुणी पैसे घेऊन वॉच टाइम पूर्ण करून देतो म्हणतो, तिथं एक रुपया पण घालू नकोस, असले तास यूट्यूब कापून टाकतं आणि वर चॅनेलवरच कारवाई होऊ शकते.

आता दुसरी वाट. समज दीड-दोन वर्षांत 4000 तास झाले, अर्ज केलास, माणसं चॅनेल तपासतात, साधारण महिनाभर जातो त्यात. मंजूर झालं, पेढे वाटले. त्या दिवसापासून पुढच्या व्ह्यूजचे पैसे, मागच्या दोन वर्षांतल्या व्ह्यूजचा एक पैसा मिळत नाही, हे आधीच घरी सगळ्यांना सांगून ठेव. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतून यूट्यूबला जे मिळतं त्यातले 55 टक्के तुझे. हजार व्ह्यूजमागं तुझ्या हातात किती पडतात ते महिन्याप्रमाणं, प्रेक्षकाप्रमाणं बदलतं, दिवाळीत जास्त, जानेवारीत पडतं, आपण हिशोबापुरते 40 रुपये धरू. महिन्याला 15 हजार व्ह्यूज येत असतील तर झाले 600 रुपये. सहाशे! आणि गुगल 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही, म्हणजे अंदाजे आठ-नऊ हजार रुपये. सहाशेनं नऊ हजार साठायला पंधरा महिने लागतात. म्हणजे चॅनेल "मॉनिटाइज झालं" असं अख्ख्या गावाला सांगून झाल्यावर सव्वा वर्षानं पहिला पैसा. व्ह्यूज वाढले तर लवकर, पण वाढतीलच असं धरून हप्ता ठरवायचा नसतो.

आता तुझा साठ हजारांचा फोन त्याच्या शेजारी ठेवून बघ. दीड वर्षाच्या हप्त्यानं व्याज धरून महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जाणार, आणि फोनचे सगळे हप्ते फिटतील तरी चॅनेलचा पहिला रुपया आलेला नसेल. शिलाईतले पैसे बंद, हप्ता चालू, सासूबाई विचारणार "काय गं, कधी येणार ते पैसे", आणि तू रात्री अकराला आकडे बघत बसणार. असं झालं की माणूस वाट्टेल ते टाकायला लागतो. म्हणून मशीन विकायचं नाही. शिलाई कमी कर पाहिजे तर, आठवड्यातला एक अख्खा दिवस चॅनेलचा ठेव, बाकी दिवस ब्लाउज.

फोन आत्ता घरात जो बरा असेल तो चालेल. खर्च करायचाच तर एक कॉलर माइक आणि एक स्टँड, हजार-दीड हजारात दोन्ही होतं. चित्र थोडं मऊ असलं तर लोक चालवून घेतात, आवाजात वारं फडफडलं तर दहाव्या सेकंदाला जातात. चुलीसमोर काढताना दार सासूबाईंच्या पाठीमागं नको, नाहीतर चेहरा काळा आणि दार पांढरं दिसतं, दार बाजूला पाहिजे. आणि धुरानं लेन्सवर तेलकट थर बसतो तो दर वेळी सुती कापडानं पूस, निम्मे "कॅमेरा खराब आहे" इथंच मिटतात. मागं सिनेमाचं गाणं लावायचं नाही, हक्कवाल्यानं दावा केला तर त्या व्हिडिओचे पैसे त्याच्याकडं जातात. चुलीचा, पाट्या-वरवंट्याचा आवाज आहे की, अजून काय पाहिजे.

कागदपत्रांचं एक-दोन, कारण तिथं पैसे अडकतात. चॅनेल कुणाच्या जीमेलवर काढताय? दिराच्या नको. तुझ्या काढ. पैसे घ्यायचं खातं ज्याच्या नावानं त्याचेच पैसे, बँकेतलं नावही तेच लागतं, आणि उद्या दिराचं लग्न झालं, तो पुण्याला गेला, तर चॅनेल कुणाचं यावरून घरात वाद नको. त्याला स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परमिशन देऊन एडिटर कर, तो त्याच्या फोनवरून सगळं करू शकतो, पासवर्ड द्यावा लागत नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू कर. आपली आजी हे चॅनेल माहीत असेलच तुला, नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी आणि त्यांचा नातू चालवतात ते, 2020 मध्ये ते हॅक झालं होतं, नशीब की परत मिळालं. ब्रँडकडून ऑफर आहे म्हणून मेल येतो, आत एक फाइल असते, ती उघडायची नाही.

गुगलच्या त्या पैशांच्या खात्यात 10 डॉलर झाले की ते पत्ता तपासायला सहा आकडी पिन टपालानं पाठवतं. साधं पाकीट असतं, दोन-चार आठवड्यांनी येतं, आणि गावात ते कुणाच्या तरी ओसरीवर पडून राहतं. पत्ता पोस्टमनला कळेल असा टाक, सासऱ्यांचं नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, पिनकोड, आणि पोस्टमनला आधी सांगून ठेव. नाही आला तर परत मागवता येतो, पण चार महिने पिन टाकलाच नाही तर जाहिराती बंद होतात. अमेरिकेचा एक टॅक्स फॉर्म पण भरायचा असतो, आपण पाटणला बसून अमेरिकेचा कसला टॅक्स असं वाटतं, पण तो नाही भरला तर सगळ्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात. पॅन कार्ड हाताशी ठेव. बँकेचं म्हणशील तर पैसे परदेशातून येतात, त्याला स्विफ्ट कोड लागतो, गावच्या पतसंस्थेच्या खात्यावर ते जमत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत तुझ्या नावाचं खातं आहे का बघ, नसेल तर आत्ताच काढ, शाखेत विचार की परदेशी रक्कम जमा होताना कुठला कोड द्यायचा.

आणि सासूबाईंना विचारलंस का? म्हणजे खरंच, की दीर आणि तू मिळूनच ठरवलंत? चेहरा त्यांचा, हात त्यांचे, कॉमेंटमध्ये कुणी काहीबाही लिहिलं तर तेही त्यांनाच. कॉमेंट आधी तपासून मग दिसतील असं सेटिंग असतं, ते लावून ठेव. पैसे आले तर त्यांचा वाटा किती ते आजच बोलून घ्या, नंतर बोलणं अवघड जातं. शेजाऱ्यांची पोरं, पाणवठ्यावरच्या बायका विचारल्याशिवाय काढू नकोस, गाव छोटं आहे.

यातून हातात काही लवकर पडायचं असेल तर ते जाहिरातीतून नाही पडणार, कुरडयांतूनच पडेल. दहा-वीस घरं अशी निघतात की व्हिडिओ बघतात आणि म्हणतात आम्हाला नाही जमत, तुमच्याच पाठवा. एका हंगामात पाच-दहा किलो गेल्या तरी ते पैसे सव्वा वर्ष वाट न बघता हातात येतात. त्याला अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती छोट्या घरगुती धंद्याला ऑनलाइन होते, आणि डबा-कुरियरचा खर्च धरून भाव सांग, कुरडई वाटेत मोडते, मोडलेल्याचे पैसे कोण देणार ते आधी ठरव.

आत्ता एवढंच कर: फोनचं बुकिंग केलं असेल तर रद्द करता येतंय का बघ, आणि गहू भिजत घालायच्या आधी दिराला सांग की पहिला क्लिप गहू निवडण्याचा घ्यायचाय.